उशीर कोठून सुरू होतो?

शाळेतल्या संगणकावर धडा उघडेना, की आपण म्हणतो, "आज नेट संथ आहे." पण संथ कुठं? शाळेत, पुरवठा करणाऱ्या कंपनीकडं, की पार पलीकडं? विंडोजच्या संगणकावर `tracert` ही आज्ञा लिहून पुढं संकेतस्थळाचं नाव दिलं, की वाटेतल्या प्रत्येक टप्प्याची एकेक ओळ पडद्यावर उमटते. समजा, मुंबईतल्या एखाद्या सर्व्हरपर्यंतची वाट पाहिली आणि पडद्याचं चित्र असं मिळालं. पत्ते गाळले आहेत.

```
1    2 ms    1 ms    2 ms
2  148 ms  171 ms  139 ms
3  151 ms  166 ms  142 ms
4  310 ms  298 ms  322 ms
5  150 ms  169 ms  145 ms
```

`ms` म्हणजे मिलिसेकंद, सेकंदाचा हजारावा भाग. प्रत्येक टप्प्याला तीनदा हाक दिली जाते, म्हणून आकडे तीन. आकडा आहे तो आपल्यापासून त्या टप्प्यापर्यंत जाऊन परत येण्याचा. तेव्हा या ओळींची बेरीज करायची नाही.

आता सर्वांत मोठा आकडा चौथ्या ओळीत आहे. दोष तिथंच, असं चटकन वाटेल. पण पाचवी ओळ पाहा. तिथं आकडा पुन्हा दीडशेच्या आसपास आला. चौथ्या टप्प्यावर खरोखरच खोळंबा असता, तर त्याच्या पुढं जाणाऱ्यालाही तो भोवला असता. तो टप्पा पुढचा माल वेळेवर पाठवतो. फक्त आपल्या हाकेला ओ देणं त्याला दुय्यम वाटतं. म्हणून नियम असा, की जी वाढ शेवटच्या ओळीपर्यंत टिकते, तीच खरी. इथं ती दुसऱ्या ओळीपासून टिकली आहे.

पहिली ओळ शाळेच्या राउटरची. ती २ वर आहे, म्हणजे शाळेतलं वायफाय ठीक. उशीर राउटर आणि कंपनीचा पहिला टप्पा यांच्यामध्ये आहे. पण म्हणून लगेच कंपनीला बोल लावू नका. शाळेतलाच एखादा संगणक मोठ्या फायली वर चढवत असेल, तर त्या तारेवर रांग लागते आणि आकडे असेच फुगतात. बाकीची सारी यंत्रं नेटवरून काढा आणि आज्ञा पुन्हा चालवा. दुसरी ओळ १० वर उतरली, तर गर्दी आपलीच. नाही उतरली, तर दोन्ही चित्रं कंपनीला पाठवा.

एक मात्र ध्यानात असू द्या. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. त्यामुळं परदेशी सर्व्हरच्या वाटेवर मध्येच शंभराची उडी दिसली, तर तो बिघाड नव्हे, अंतर आहे. आणि सगळे आकडे लहान असूनही धडा संथच उघडत असेल, तर तुमची जोडणी अरुंद असेल किंवा ते संकेतस्थळच मंद असेल. ते या आज्ञेला दिसत नाही.