पॉलिसीचा खरा व्याजदर

सोयाबीन विकून हातात पैसा आला की आपल्या वाशिम, रिसोड, मालेगावकडे एकाच वेळी चार जणांची देणी उभी राहतात. त्यातच विम्याचा वर्षाचा हप्ता असतो. बऱ्याच गटांतल्या बायांनी आम्हाला विचारलं, की वीस वर्षं हप्ता भरल्यावर ही पॉलिसी नेमकं किती टक्के व्याज देते? पॉलिसीच्या कागदावर हा आकडा सहसा लिहिलेला नसतो. पण तो काढता येतो, आणि गटाचं दप्तर लिहिणाऱ्या बाईला तर सहज येतो.

हिशोबापुरती एक एंडोमेंट पॉलिसी धरू. एंडोमेंट म्हणजे मध्येच माणूस गेला तर वारसाला पैसे, आणि जगला तर मुदतीच्या शेवटी त्याला स्वतःला पैसे. विमा रक्कम एक लाख, मुदत वीस वर्षं, वर्षाचा हप्ता ५,००० रुपये. बोनस दर हजारी ४२ रुपये, म्हणजे लाखाला वर्षाचे ४,२००. वीस वर्षांचा बोनस झाला ८४,०००. शेवटी मिळणार १,८४,०००, आणि आपण भरलेले एक लाख.

आता याच आकड्यांवरून तीन जणी तीन गोष्टी सांगतील. पहिली म्हणेल, ८४ टक्के नफा झाला. दुसरी त्याला वीसनं भागून म्हणेल, वर्षाला ४.२ टक्केच. तिसरी जरा हुशार. ती म्हणेल, लाख रुपये काही पहिल्याच दिवशी दिले नव्हते. पहिला हप्ता वीस वर्षं राहिला, शेवटचा एकच वर्ष, सरासरी साडेदहा वर्षं. म्हणून सरळव्याजानं ८ टक्के. तिचं गणित बरोबर आहे, पण बँकेत आणि पोस्टात व्याजावर व्याज चढतं, त्यामुळे तिचा आकडा त्यांच्या दराशेजारी ठेवता येत नाही. बोनसचंही तसंच. तो विमा रकमेवर मोजतात आणि या प्रकारच्या पॉलिसीत बोनसवर पुन्हा बोनस चढत नाही. म्हणून ‘हजारी ४२’ म्हणजे व्याजाचा दर नव्हे.

मग खरा दर कोणता? अशी कल्पना करा, की एक पासबुक आहे. हप्त्याच्याच तारखेला आपण त्यात ५,००० टाकतो आणि वर्षाअखेर व्याज चढतं. ज्या दरानं वीस वर्षांनी त्या पासबुकात बरोबर १,८४,००० होतील, तोच पॉलिसीचा दर. तो एका झटक्यात निघत नाही, अंदाज करून पाहावा लागतो.

आधी ५ टक्के धरू. पहिल्या वर्षी ५,००० चे ५,२५० झाले. दुसऱ्या हप्त्यानं १०,२५०, वर्षाअखेर १०,७६२. तिसऱ्या हप्त्यानं १५,७६२, वर्षाअखेर १६,५५०. असं वीस ओळी खाली जायचं. शेवटी सुमारे १,७३,६०० येतात. कमी पडले, म्हणजे दर ५ पेक्षा जास्त आहे. आता ६ टक्क्यांनी पुन्हा वीस ओळी लिहा. सुमारे १,९५,००० येतात, हे जास्त झाले. आपले १,८४,००० या दोन्हींच्या जवळपास मधोमध आहेत, म्हणून दर साधारण साडेपाच टक्के. साडेपाचनं वीस ओळी लिहून पाहा, १,८४,००० च्या अगदी जवळ पोचाल. ज्यांच्या मुलींच्या मोबाइलवर एक्सेल आहे, त्यांनी हे टाकावं:

```
=RATE(20,-5000,0,184000,1)
```

शेवटचा १ विसरू नका. हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरतो असं तो सांगतो. तो गाळला तर दर उगीच जास्त दिसतो. मासिक हप्ता असेल तर महिन्यांची संख्या टाकायची. उत्तर मग महिन्याचं येतं, जसं आपल्या गटाच्या कर्जाचं असतं.

हप्ता मात्र पावतीवरचा धरा. २१ सप्टेंबर २०२५ पर्यंत अशा पॉलिसीच्या हप्त्यावर जीएसटी लागत होता, पहिल्या वर्षी साडेचार टक्के आणि पुढे सव्वादोन. जुन्या पावत्यांवर तो दिसेल, आणि तोही आपल्याच खिशातून गेला.

अजून एक फसगत होते. विकताना जो लाभाचा तक्ता दाखवतात, त्यात ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने असतात. ते आपले व्याजदर नव्हेत. कंपनीनं आपल्या गुंतवणुकीवर इतकं कमावलं असं मानलं तर काय होईल, एवढंच ते सांगतात. खर्च, कमिशन आणि विम्याचं मोल वजा होऊन आपल्या हाती येतो तो दर त्याहून कमी असतो. तक्त्यातली शेवटची रक्कम उचला आणि वरच्यासारखा हिशोब करा. पटलं नाही तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते.

आता पॉलिसीच्या बाजूनंही बोललं पाहिजे. साडेपाच टक्क्यांत विमाही होता. बाई पाचव्या वर्षी गेली, तर पंचवीस हजार भरून घरी लाखाच्या वर येतात; पासबुक ते देत नाही. म्हणून तुलना करताना दुसऱ्या बाजूलाही विमा ठेवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा विमा मिळतो, वयाच्या पन्नाशीपर्यंत त्यात शिरता येतं. तीस वर्षांच्या बाईनं ५,००० मधून ४३६ तिकडे दिले आणि उरलेले ४,५६४ पोस्टाच्या पीपीएफमध्ये टाकले असं धरा. पीपीएफचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं. एप्रिल २०२० पासून तो बरीच वर्षं ७.१ टक्के राहिला. तोच वीस वर्षं टिकला तर सुमारे २,०२,६०० होतील, आणि विमा दुप्पट. दर खाली आला तर रक्कमही खाली येईल. शिवाय विमा आणि बचत दोन्ही दरवर्षी आपण स्वतः आठवणीनं चालू ठेवायला हव्यात. पॉलिसीत हप्त्याची धाक असते, आणि काही घरांत त्या धाकेशिवाय पैसा टिकत नाही, हेही खरं.

हे ऐकून कुणी उद्याच जुनी पॉलिसी मोडायला निघू नये. तिचा हिशोब वेगळा असतो. भरलेले हप्ते आता परत येणार नाहीत, त्यांना विसरायचं. समजा वरच्याच पॉलिसीचे बारा हप्ते झाले, आणि आज मोडली तर ६०,००० मिळतात. म्हणजे पॉलिसी चालू ठेवणं म्हणजे आज ते ६०,००० तिच्यात ठेवणं, शिवाय पुढची आठ वर्षं ५,००० भरणं, आणि शेवटी १,८४,००० घेणं. याचा दर निघतो नऊ टक्क्यांहून थोडा जास्त. पूर्ण पॉलिसी साडेपाचची, पण उरलेला तुकडा नऊचा! कारण मोडताना कंपनी खूप कापते, आणि थांबलात तर तेच शेवटी परत मिळतं. अशी पॉलिसी मोडून पैसे पीपीएफमध्ये टाकणं म्हणजे घाटाच.

दोन-तीनच हप्ते झाले असतील तर उत्तर वेगळं येऊ शकतं. त्यासाठी शाखेत जाऊन आज मोडल्यास किती मिळतील आणि आजवर किती बोनस जमला, हे लेखी मागा. गटाच्या बैठकीला पावती, बाँड आणि तो कागद घेऊन बसा, आणि वहीत ओळी पाडायला घ्या.