‘ट्राय करतो’ म्हणजे काय?

जुबैलच्या साइटवर माझा सळईचा फोरमन फिलिपिनो होता. मी विचारलं, “उद्या संध्याकाळपर्यंत स्लॅबची जाळी बांधून होईल ना?” तो हसून म्हणाला, “आय विल ट्राय, सर.” मी होकार समजलो, काँक्रीट मागवलं. गाड्या आल्या तेव्हा वरची जाळी अर्धीच झालेली!

त्यांच्यात वरच्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणणं अवघड असतं. नुसतं ‘ट्राय’ म्हणजे बहुतेक वेळा नाहीच. पण चूक माझ्या ‘होईल ना’ची होती, त्यात ‘नाही’ला जागाच नव्हती.

आता मी विचारतो, “किती भाग राहिलाय? माणसं किती कमी पडतायत? गाड्या उद्या बोलावू की परवा?” ‘परवा’ म्हणायला त्याला जड जात नाही. फक्त हे चारचौघांत नको, बाजूला घेऊन विचारा.