बॅटीच्या झिणझिण्या आणि आघातकेंद्र

हैदराबादच्या लाल बहादुर शास्त्री मैदानावर, म्हणजेच जुन्या फतेह मैदानावर, अथवा सिकंदराबादच्या जिमखाना मैदानावर सराव पाहणाऱ्यास एक गोष्ट सहज दिसते. यॉर्कर बॅटीच्या टोकाशी लागताच फलंदाज मूठ सोडून हात झटकतो. तोच चेंडू जरा वर बसला, तर हाताला काहीच कळत नाही.

चेंडू आदळला की संपूर्ण बॅट मागे, यष्टिरक्षकाकडे, ढकलली जाते. शिवाय ती गुरुत्वमध्याभोवती फिरते, आणि त्या फिरण्याने मूठ पुढे येऊ पाहते. पात्यावरील एका ठिकाणी या दोन गती मुठीपाशी परस्परांना नाहीशा करतात. त्या ठिकाणास आघातकेंद्र म्हणतात. चेंडू त्याच्या वर लागला तर मूठ तळहातात रुतते. टोकाशी लागला तर ती पुढे उसळून बोटांना ओढते.

हे केंद्र घरीही शोधता येते. वरचा हात जेथे येतो तेथे मुठीला एक बारीक सळई आडवी, घट्ट बांधावी, तिची टोके दोन मेजांच्या कडांवर टेकवावीत आणि बॅट पुढेमागे, अगदी थोडी, झुलू द्यावी. सळईपासून आघातकेंद्रापर्यंतचे अंतर हे त्याच गतीने झुलणाऱ्या साध्या दोलकाच्या लांबीइतके असते. हायगेन्सने 1673 साली घड्याळाच्या लंबकाचा विचार करताना जे दोलनकेंद्र मांडले, तेच हे होय. समजा, 20 झोक्यांना 33 सेकंद लागले. एका झोक्यास 1.65 सेकंद झाले. हैदराबादेत गुरुत्वत्वरण सुमारे 9.78 आहे; त्यावरून लांबी सुमारे 67 सेंटिमीटर येते. सळई मुठीच्या शेंड्यापासून 10 सेंटिमीटरवर असेल, तर केंद्र शेंड्यापासून 77 वर, म्हणजे 96 सेंटिमीटर लांबीच्या बॅटीच्या टोकापासून 19 सेंटिमीटर वर ठरते. मोजण्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तरी उत्तर दोन सेंटिमीटर सरकते; म्हणून झोके पुन्हा मोजलेले बरे.

परंतु झिणझिण्यांचा सर्व दोष आघातकेंद्रावर टाकणे योग्य नव्हे. फलंदाजाचे दोन्ही हात मुठीवर असतात, मूठ काही खिळ्यावर टांगलेली नसते. हात सरकला की केंद्रही सरकते. याखेरीज बॅट ताठ दिसली तरी आघाताने किंचित वाकते व थरथरते. ही थरथर हातास खरी झोंबते. पात्यावर टोकापासून वितभर अंतराच्या आत एक निष्पंद स्थान असते. तेथे चेंडू लागल्यास मुख्य थरथर उठतच नाही. हे स्थान आघातकेंद्राजवळ असले, तरी तेच नव्हे. वेताच्या मुठीत रबराच्या पट्ट्या बसवतात, त्या ही थरथर शोषण्यासाठीच. मऊ टेनिस चेंडू बॅटीला अधिक वेळ टेकून राहतो, त्यामुळे थरथर फारशी उठत नाही. गल्लीतील मुलांना चुकीचा फटका झोंबत नाही तो यामुळेच.