214 मेसेज आणि दीड पान
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



मागच्या पावसाळ्यात रात्री आपल्या मीटर-खोलीत वायरी जळाल्या. परभणीत लाइट जाणं नवं नाही, म्हणून आधी कुणी उठलंच नाही. सकाळपर्यंत ग्रुपवर 214 मेसेज झाले आणि वॉचमनला काढायचं जवळपास ठरलं. नोंद लिहायचं काम माझ्याकडं आलं. बँकेत जन्म गेला म्हणून असेल.

Export chat करून सगळं कागदावर घेतलं. पहिला घोळ वेळेचा. 10.42 च्या मेसेजात होतं, "अर्ध्या तासापूर्वी जळका वास आला." म्हणजे वास साधारण 10.10 चा. म्हणून दोन रकाने केले: कधी घडलं आणि कधी कळवलं.

मग प्रत्येक वाक्याला विचारलं, हे पाहिलेलं की ऐकलेलं? "वॉचमन झोपला होता" असं अकरा जणांनी लिहिलेलं. मागं मागं गेलो, तर मूळ मेसेज एकच, तोही "झोपला असेल" असा. नोंदीत तेवढंच लिहिलं: "एका सभासदाने 10.51 ला शंका व्यक्त केली. प्रत्यक्ष पाहणारे कुणी नाही." 'हलगर्जी' वगैरे शब्द गाळले. मेन स्विच कुणी पाडला यावर दोघांचं दोन सांगणं. दोन्ही नावानिशी ठेवली.

वॉचमन बिचारा ग्रुपवर नाहीच. त्याच्या फोनमध्ये 10.14 ला सेक्रेटरींना केलेला कॉल निघाला, न उचललेला. "ग्रुपबाहेरील माहिती" असा शेरा मारून तोही घेतला.

नोंद आधी सेक्रेटरींनाच वाचायला दिली. सही करताना ते म्हणाले, "काका, झोपलो तर मी होतो."