आईच्या गोळ्यांचा तक्ता

मी सरकारी खात्यात ओव्हरसियर. डिप्लोमा स्थापत्याचा, औषधांचा नव्हे. म्हणून उपदेश न करता घरचा अनुभवच सांगतो.

आई ७६ वर्षांची. थायरॉइडची गोळी ती एक दिवस चुकवत नसे, तरी गेल्या वर्षी टीएसएच वाढलेला निघाला. मात्रा वाढवण्यापूर्वी डॉक्टरांनी विचारलं, "आजी, गोळी कशी घेता?" आई म्हणाली, "चहाबरोबर, सकाळच्या सगळ्या एकदमच. म्हणजे विसरायला होत नाही."

चूक तिथेच होती. त्या 'सगळ्यां'त कॅल्शियमची गोळी होती. कॅल्शियम पोटातच थायरॉइडच्या औषधाला धरून ठेवतं, ते रक्तात पुरतं जात नाही. दोन्हींत किमान चार तासांचं अंतर हवं. डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवून फक्त वेळा बदलल्या. दोन महिन्यांनी टीएसएच मर्यादेत आला.

त्याच रात्री मी चिठ्ठी आणि गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून तक्ता केला, डॉक्टरांना दाखवला आणि फ्रिजवर चिकटवला:

| औषध, मात्रा | वेळ | खाण्याशी संबंध | कशासाठी |
|---|---|---|---|
| लेव्होथायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, १ | सकाळी ६ | उपाशीपोटी, पाण्याबरोबर. चहा तासाभराने | थायरॉइड |
| ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ, १ | सकाळी ८ | नाश्त्याच्या लगेच आधी | साखर |
| कॅल्शियम ५०० मिग्रॅ, १ | दुपारी १ | जेवणानंतर | हाडं |
| अ‍ॅम्लोडिपिन ५ मिग्रॅ, १ | रात्री ९ | कसंही चालेल | रक्तदाब |

हा तक्ता आमच्या आईचा आहे, तुमचा तुमच्या डॉक्टरांकडूनच भरून घ्या.

पहिल्या रकान्यात कंपनीचं नाव न लिहिता आतल्या औषधाचं नाव लिहिलंय. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तेव्हा आई जुनी आणि नवी दोन्ही घेणार होती. नाव ताडून पाहिलं, तर औषध एकच!

शेवटचा रकाना मला आधी उगीच वाटला होता. तो हरतालिकेला उपयोगी पडला. आईचा कडक उपवास, आणि सवयीने गोळी हातात. बाबांनी तक्ता वाचून विचारलं, "अगं, ही साखरेची ना? मग खाणार काय?" उपाशी राहून ही गोळी घेतली तर साखर एकदम उतरते, घाम येतो, हात थरथरतात, माणूस गोंधळतो, बेशुद्धही पडू शकतो. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी त्या दिवशी गोळी घेऊ नका म्हटलं, आणि यापुढे उपवासाच्या आधी विचारायला सांगितलं. ते वाक्य आता लाल शाईने तक्त्याखाली आहे.

तक्त्यावर तारीख जरूर घाला. चिठ्ठी बदलली की खाडाखोड न करता नवा लिहा आणि जुना फाडून टाका. आमच्याकडे महिनाभर दोन्ही लटकत होते, आणि आई वाचायची जुनाच. त्याची अक्षरं मोठी होती. आता नवाही मोठ्या अक्षरात लिहितो.