चक्र दिसलं म्हणजे डेडलॉक झालाच का?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या परीक्षेत एक प्रश्न हमखास येतो. काही प्रोसेस दिलेल्या असतात, काही रिसोर्स दिलेले असतात, आणि विचारलेलं असतं की इथे डेडलॉक आहे का? बरेच विद्यार्थी चार अटी लिहितात, चारींपुढे बरोबरची खूण करतात आणि 'डेडलॉक आहे' असं लिहून मोकळे होतात. फौजेच्या भाषेत सांगायचं तर हा अंदाज झाला, पाहणी झाली नाही. आज आपण एक उदाहरण घेऊन पाहणी करू.

एक ऑफिस घ्या. तिथे प्रिंटर 2 आहेत आणि स्कॅनर 1. प्रोसेस तीन आहेत. पी-1 कडे एक प्रिंटर आहे आणि तिला स्कॅनर हवा आहे. पी-2 कडे स्कॅनर आहे आणि तिला प्रिंटर हवा आहे, दोन्हींपैकी कुठलाही चालेल. पी-3 कडे दुसरा प्रिंटर आहे आणि तिला आणखी काहीच नको.

या चार अटी कॉफमन, एल्फिक आणि शोशानी यांच्या 1971 च्या लेखातून आपल्याकडे आल्या. एकेक तपासू.

पहिली, म्युच्युअल एक्सक्लूजन. एक प्रिंटर एका वेळी दोघींना वापरता येतो का? नाही, दोन कागदपत्रांच्या ओळी एकमेकींत मिसळतील. स्कॅनरचंही तसंच. अट लागू.

दुसरी, होल्ड अँड वेट. हातातली वस्तू न सोडता दुसरीची वाट बघणारी कुणी आहे का? पी-1 आणि पी-2 दोघी तशाच आहेत. अट लागू. पी-3 मात्र इथे बसत नाही. तिच्याकडे वस्तू आहे, पण ती थांबलेली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

तिसरी, नो प्रीएम्प्शन. ऑपरेटिंग सिस्टिमला वस्तू मधेच काढून घेता येते का? सीपीयू काढून घेता येतो, कारण प्रोसेसची स्थिती जपून ठेवून ती नंतर तिथूनच पुढे नेता येते. अर्धं पान छापलेला प्रिंटर तसा काढून घेता येत नाही. अट लागू.

चौथी, सर्क्युलर वेट. पी-1 थांबली आहे स्कॅनरसाठी, तो पी-2 कडे. पी-2 थांबली आहे प्रिंटरसाठी, त्यातला एक पी-1 कडे. आलेखात चक्र पूर्ण झालं.

चारी खुणा झाल्या. मग डेडलॉक आहे? नाही. पी-3 ला कुणाचीच वाट बघायची नाही. तिचं काम संपेल, ती प्रिंटर सोडेल आणि तो पी-2 ला मिळेल. पी-2 संपली की स्कॅनर सुटेल, तो पी-1 ला मिळेल. तिघीही सुटल्या.

याचं कारण 'आवश्यक' या शब्दात आहे. आवश्यक अट नसेल तर डेडलॉक होणारच नाही. पण ती असली म्हणजे झालाच, असं नाही. प्रत्येक रिसोर्सचा एकच नग असेल तर चक्र म्हणजे डेडलॉकच, कारण ती वस्तू दुसरीकडून मिळायला वाटच नसते. एकापेक्षा जास्त नग असतील तेव्हा चक्र हा फक्त इशारा असतो. मग चक्राबाहेर नग धरून बसलेली एखादी प्रोसेस आहे का आणि ती पूर्ण होऊ शकते का, हे बघावं लागतं.

आता एकच बदल करू. पी-3 नेही स्कॅनर मागितला. पूर्ण होऊ शकेल अशी एक तरी प्रोसेस शोधा. पी-1 आणि पी-3 स्कॅनरसाठी अडल्या, तो पी-2 कडे. पी-2 प्रिंटरसाठी अडली, दोन्ही प्रिंटर त्या दोघींकडे. सुरुवात करायलाच कुणी उरलं नाही. हा खरा डेडलॉक. म्हणूनच पहिल्या उदाहरणातलं आपलं उत्तर त्या क्षणापुरतंच होतं, पी-3 पुढे काय मागेल यावर ते बदलतं.

हा टाळायचा कसा? चारपैकी कुठलीही एक अट मोडली तरी पुरतं. इथे सोपी आहे ती चौथी. प्रिंटरला क्रमांक 1 द्या, स्कॅनरला 2, आणि नियम करा की मागणी चढत्या क्रमानेच करायची. मग पी-2 ला आधी प्रिंटर मागावा लागेल. तो मोकळा नसेल तर ती थांबेल, पण स्कॅनर अडवून नाही. मग पी-1 आणि पी-3 पैकी एकीला स्कॅनर मिळेल, तिचं काम संपेल आणि पुढच्यांची वाट मोकळी होईल. याची किंमतही आहे. पी-2 ला स्कॅनर आधी लागत असला तरी प्रिंटर लवकर घेऊन ठेवावा लागेल आणि तोवर तो रिकामा पडून राहील.

तेव्हा उत्तर लिहिताना चार अटी तपासा, मग प्रत्येक रिसोर्सचे नग मोजा, आणि शेवटी पूर्ण होऊ शकणारी प्रोसेस शोधत जा. एकही उरली नाही तर सगळ्या मोकळ्या. काही उरल्याच, तर डेडलॉक त्यांच्यातच आहे, आणि त्यांची नावं उत्तरात लिहा.