तीन पानांचं पत्र, पाच ओळींत
(रौप्यमहोत्सवी मेळाव्यातील भाषण)



पाण्याच्या तक्रारीचं पत्र कसं लिहावं, यावर बोला असं सेक्रेटरींनी सांगितलं. म्हणून एक पत्रच घेऊन आलोय. आपल्या गडहिंग्लजचं नव्हे, परगावच्या माझ्या मेहुण्यांच्या सोसायटीचं. फ्लॅट २४, आठवड्याला विकतचा टँकर, आणि पालिकेसाठी लिहिलेलं तीन पानी पत्र. पाठवण्याआधी त्यांनी मला वाचायला दिलं.

पहिल्या पानावर सोसायटीची स्थापना आणि वयस्कर मंडळींचे हाल. दुसऱ्यावर पाण्याबरोबर रस्त्यावरचे दिवे आणि तुंबलेलं गटार. तिसऱ्यावर ‘व्हॉल्व्ह मुद्दाम बंद ठेवतात’ हा आरोप आणि मोर्चाचा इशारा. पाणी नेमकं किती दिवस आलं नाही, हे कुठंच नाही!

आधी दिवे आणि गटार काढलं. एका पत्रात तीन विषय असले की ते तीन टेबलं फिरतं. त्यांची वेगळी पत्रं केली. मग आरोप काढला. नदीपासून आपल्या नळापर्यंत पंप, शुद्धीकरण, उंच टाकी, व्हॉल्व्ह असं बरंच काही असतं. कुठं अडलंय ते घरबसल्या कळत नाही. दिसलं तेवढंच लिहावं.

मग १४ दिवस वॉचमननं वही ठेवली: पाणी कधी आलं, कधी गेलं, जमिनीखालच्या टाकीत किती सेंटिमीटर चढलं. टाकी ३ मीटर लांब, २ मीटर रुंद. म्हणजे १ सेंटिमीटरला ६० लिटर. टाकीचा फ्लोट अडकलेला नाही ना, हेही बघितलं. शेजारच्या इमारतींतही चौकशी केली. कारण तिथं पाणी येत असेल, तर दोष आपल्याच जोडणीत असू शकतो.

शेवटी पत्र उरलं ते एवढं:

“विषय: अनियमित पाणीपुरवठा, नळजोडणी क्र. …
आमच्या भागाची वेळ सकाळी ६ ते ७ आहे. १ ते १४ मार्च या काळात २, ५, ६, ९ व १२ तारखेला पाणी आले नाही. उरलेल्या ९ दिवशी ते २० ते ३० मिनिटेच आले. एकाही दिवशी १,२०० लिटरपेक्षा जास्त मिळाले नाही. शेजारच्या दोन इमारतींतही हेच घडले. कृपया या लाइनची तपासणी करून कारण व दुरुस्तीची तारीख लेखी कळवावी. सोबत: वहीची प्रत.”

वयस्करांचे हाल खोटे नव्हते हो. पण त्यावरून अभियंत्याला काही तपासता येत नाही. ‘५ तारखेला पाणी नव्हतं’ म्हटलं, की त्या दिवशीची पंपाची नोंद काढून बघता येते.

पत्र दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पुढच्या स्मरणपत्रात तो क्रमांक आणि नव्या तारखा, बस्स. पत्र छोटं केल्यानं धरणात पाणी वाढत नाही, हेही खरं. पण पाणीच कमी आहे की आपल्या लाइनमध्ये दोष आहे, एवढं तरी लेखी हातात येतं. टँकरचा खर्च किती दिवस धरायचा, हे मग कमिटीला ठरवता येतं.